नवीन प्रॉडक्टचे नग वाढतात तसा खर्च किती उतरतो? लर्निंग कर्व्हबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना, लातूर, वाळूज, परभणी सगळीकडून फॅब्रिकेशनवाल्यांचे जवळजवळ हेच प्रश्न येत असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. सगळीकडे उदाहरण एकच घेतलंय: ट्रॅक्टरचलित बीबीएफ पेरणी यंत्र, सोयाबीनसाठी आपल्याकडं चालतं ते, आणि एका छोट्या वर्कशॉपनं ते पहिल्यांदाच करायला घेतलंय. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

१. लर्निंग कर्व्ह म्हणजे नेमकं काय? हात बसला की काम लवकर होतं एवढंच ना?

हात बसतो हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, पण किती बसतो आणि पुढच्या ऑर्डरला किती तास धरायचे हे आकड्यात सांगता येणं म्हणजे लर्निंग कर्व्ह. १९३६ साली टी. पी. राइट नावाच्या अमेरिकन विमान इंजिनियरनं हे पहिल्यांदा मांडलं, त्याला दिसलं की विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की नगामागचे सरासरी मजुरीचे तास साधारण ८० टक्क्यांवर येतात, आणि पुन्हा दुप्पट झाली की परत त्याच्या ८० टक्क्यांवर.

यात "दुप्पट" हा शब्द पकडून ठेवा. १ चे २ व्हायला एकच नग लागतो, ८ चे १६ व्हायला आठ लागतात, आणि ३२ चे ६४ करायला छोट्या वर्कशॉपचा आख्खा सीझन जातो. म्हणून सुरुवातीला तास धपाधप उतरतात आणि नंतर उतरतच नाहीत असं वाटतं, प्रत्यक्षात नियम तोच असतो, फक्त दुप्पट व्हायला वेळ लागायला लागतो.

आणि तास कमी होतात ते माणूस जोरात पळायला लागतो म्हणून नाही. पहिल्या यंत्राला बघा काय होतं: टूलबारवर फणांचे क्लॅम्प टॅक करून झाले, मग खत पेटीचा ब्रॅकेट बसवायला गेलं तर चेनची लाइन सरळ येत नाही, स्प्रॉकेट पाच मिलीमीटर आत, मग टॅक तोडा, ग्राइंड करा, परत लावा, तोवर हेल्पर उभा. दहाव्या यंत्राला स्प्रॉकेटचा ब्रॅकेट आधी लावायचा हे कुणाला सांगावं लागत नाही, त्याच्यासाठी छोटं जिग झालेलं असतं, आणि कटिंगवाला पट्ट्या त्याच क्रमानं रचून देतो. हे शोधणं, थांबणं, तोडणं, परत करणं जे जातं तोच खरा कर्व्ह.

२. आमचा कर्व्ह ८५ टक्के आहे म्हणतात, मग ९० असता तर जास्त चांगला का?

उलट. टक्का जितका कमी तितके तास जोरात उतरतात. ८५ टक्के म्हणजे दर दुप्पटीला सरासरी तास १५ टक्क्यांनी कमी, ९० म्हणजे फक्त १० टक्क्यांनी, आणि १०० टक्के म्हणजे काहीच शिकणं नाही, पहिला नग आणि शंभरावा नग सारखाच.

पण कमी टक्का म्हणजे वर्कशॉप हुशार असंही समजू नका. बऱ्याचदा ७५-७६ टक्के निघतो तेव्हा पहिल्याच नगाच्या तासांत घोळ असतो, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

३. म्हणजे यंत्राची पूर्ण कॉस्टच दर दुप्पटीला १५ टक्के कमी होणार?

नाही नाही, सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. कर्व्ह लागू होतो तो माणसांच्या तासांना, आणि तासांबरोबर जे खर्च हलतात त्यांना. लोखंड, टायर, बेअरिंग, चेन, रंग यांना तुमचा हात बसल्याचं काही देणंघेणं नाही. स्टीलचा रेट वेगळ्या कारणानं हलतो.

वेल्डिंगची वायर आणि गॅस याबद्दल गोंधळ होतो, लोक ते तासावर टाकतात. पण वायर जळते ती वेल्डच्या लांबीवर, तासांवर नाही, शिकाऊ वेल्डर असो की उस्ताद, २६ मीटर वेल्ड म्हणजे २६ मीटरच. म्हणून वायर-गॅस मटेरियलमध्ये टाका. (दुरुस्तीच्या वेल्डची थोडी वायर वाचते, तेवढं सोडून द्या.) सुपरव्हायझरचा वेळ, कॉम्प्रेसर आणि शेडची लाइट, ग्राइंडरच्या चकत्या हे मात्र बऱ्यापैकी तासांबरोबर चालतं.

आपल्या उदाहरणात मटेरियल आणि तयार विकत आणलेले पार्ट मिळून नगाला ३६,००० रुपये. मजुरी तासाला १८० आणि तासाबरोबर हलणारा खर्च ४०, म्हणजे तासाला २२० रुपये. पहिल्या यंत्राला ६४ तास लागले, तर ६४ × २२० = १४,०८०, एकूण ५०,०८०. आता कर्व्ह कितीही उतरला तरी तो या १४,०८० मधूनच उतरणार, ३६,००० तसेच राहणार. ग्राहक "अजून पन्नास घेतो, तीस टक्के कमी करा" म्हणायला लागला तर हा आकडा समोर ठेवा. मटेरियलमध्ये घट पाहिजे तर ती ठोक खरेदीतून किंवा नेस्टिंग सुधारून, तो हिशेब वेगळा आणि तो कर्व्हमध्ये मिसळू नका.

४. तास लिहायचे कसे? आमच्याकडं तर नुसती हजेरी असते.

हजेरीवरून होत नाही, कारण त्याच दिवशी पोरं दुसऱ्याची ट्रॉली पण दुरुस्त करत असतात. एका नगाला किंवा एका लॉटला एक जॉब कार्ड करा, साधा पुठ्ठा चालतो, तो फ्रेमला तारेनं बांधून ठेवा, आणि जो हात लावील त्यानं नाव, सुरू, बंद एवढंच लिहायचं. दोन माणसं तीन तास लागली तर सहा तास. दुरुस्तीचा वेळही त्यातच, तो वगळू नका, तो कमी होणं हाच तर कर्व्हचा मोठा भाग आहे. लाइट गेली, मटेरियल आलं नाही म्हणून बसून राहिले तो वेळ मात्र वेगळ्या ओळीत.

चार-पाच यंत्रं एकदम उघडी असतील, आज सगळ्यांचे फण आणि उद्या सगळ्यांच्या पेट्या, तर नगावर वाटणी करत बसू नका, अंदाजच होतो. लॉटचे एकूण तास घ्या आणि लॉट पूर्ण झाल्यावरच मोजा. अर्धवट नग पकडले की सरासरी खोटी निघते.

आता पहिला नग. यात ड्रॉइंगवर डोकं लावलेलं, जिग बनवलेलं, मालकानं उभं राहून ट्रायल घेतलेली असं सगळं घुसतं. हे एकदाचं काम आहे, ते बाहेर काढा आणि डेव्हलपमेंट खर्च म्हणून वेगळं वसूल करा. नाही काढलं तर काय होतं ते बघा: ६४ तासांत जिगचे २२ तास मिसळले तर पहिला नग ८६ तासांचा दिसतो. दुसऱ्याला ४५ लागले, सरासरी ६५.५, टक्का निघाला ७६. मालक खूश, की आपण फार जोरात शिकतोय. या ७६ नं आठ नगांनंतरचे पुढचे २४ नग काढले तर नगाला साडेसोळा तासांच्या आसपास येतात, खरं काम मात्र पावणेपंचवीस तासांचं आहे (कसं ते प्रश्न ६ मध्ये). २४ नगांवर दोनशेच्या आसपास तास अंगावर, म्हणजे चाळीस हजारांच्या वर.

५. आमचा टक्का किती हे कसं काढायचं?

एकूण नग १, २, ४, ८ झाले तिथं थांबून बघा. आपल्या यंत्राचं जॉब कार्ड असं आहे: पहिला ६४ तास, दुसरा ४५, तिसरा-चौथा मिळून ७७, पाच ते आठ मिळून १२९.

दोन नगांचे एकूण १०९, सरासरी ५४.५, भागिले ६४ म्हणजे ८५.२ टक्के. चार नगांचे एकूण १८६, सरासरी ४६.५, भागिले ५४.५ म्हणजे ८५.३. आठ नगांचे ३१५, सरासरी ३९.४, भागिले ४६.५ म्हणजे ८४.७. तिन्ही जवळजवळ आहेत म्हणून ८५ धरायला हरकत नाही.

तुमचे तीन आकडे ७४, ९३, ८१ असे उड्या मारत असतील तर त्यांची सरासरी काढून पुढं जाऊ नका. कुठंतरी तास चुकलेत, नाहीतर मधी माणूस बदलला, नाहीतर डिझाइन बदललं, आधी ते शोधा. आणि आकडे हळूहळू वर चाललेत, ८२, ८६, ९१, तर ते सपाटी जवळ आल्याचं लक्षण, त्याला प्रश्न ९ बघा.

६. आठ यंत्रं झाली, आता २४ ची ऑर्डर आलीय. रेट कसा काढू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सावकाश.

आधी एकूण ३२ नगांपर्यंतची सरासरी काढायची. ८ चे १६ एक दुप्पट, १६ चे ३२ दुसरी. पहिल्या नगापासून मोजलं तर पाच दुप्पटी: ६४ ला पाच वेळा ०.८५ नं गुणा, सरासरी २८.४ तास येते. ३२ नगांचे एकूण तास साधारण ९०९. यातले ३१५ तास पहिल्या आठ नगांत खर्च होऊन गेलेत, ते वजा. राहिले ५९४ तास, २४ नगांना, म्हणजे नगाला २४.७५ तास.

वजाबाकी करायची हेच लोक विसरतात. २८.४ ही पहिल्यापासून बत्तिसाव्यापर्यंतची सरासरी आहे, त्यात पहिला ६४ तासांचा नग पण बसलाय. ती थेट २४ ला लावली तर ६८२ तास होतात, ८८ तास फुकट चढवले. काही जण आतापर्यंतची सरासरी ३९.४ च पुढं लावतात, त्यांचे ९४६ होतात आणि नगामागं सव्वातीन हजार रुपये जास्तीचे लागून ऑर्डर शेजारच्या वर्कशॉपला जाते.

आता पैसे. २४.७५ × २२० = ५,४४५. मटेरियल ३६,०००. नगाची कॉस्ट ४१,४४५, यावर तुमचा बाकीचा ओव्हरहेड आणि नफा. पहिल्या यंत्राला ५०,०८० लागले होते, म्हणजे एकूण घट १७ टक्के. तास मात्र ६४ वरून २४.७५ वर आलेत, साठ टक्क्यांच्या वर उतरलेत. प्रश्न ३ मध्ये जे सांगितलं ते इथं डोळ्यांनी दिसतं.

दुप्पटीत न बसणारी संख्या असली, म्हणजे ८ वर १५ ची ऑर्डर, तर एक्सेलमध्ये हे टाका. हे ३२ नगांचे एकूण तास देतं, दोन्ही ठिकाणच्या ३२ च्या जागी तुमची एकूण संख्या घाला:

```
=64*32^(LOG(0.85)/LOG(2))*32
```

८ वर १५ म्हणजे २३ घालायचे, १५ नाही. आलेल्या तासांतून आधीच्या आठांचे तास वजा करायला विसरू नका.

आठ-दहा नगांचा डेटा असेल तर टक्काही एक्सेलमधूनच काढता येतो. C कॉलममध्ये एकूण नगांचा LN, D कॉलममध्ये सरासरी तासांचा LN, मग:

```
=2^SLOPE(D2:D9,C2:C9)
```

०.८५ च्या आसपास उत्तर येईल. फक्त हे लक्षात असू द्या की सरासरी हा आकडा मुळातच गुळगुळीत असतो, आधीचे सगळे नग त्यात मिसळलेले असतात, त्यामुळं ग्राफ नेहमीच छान सरळ दिसतो. शेवटच्या लॉटचे नुसते तास वेगळे काढून तेही जुळतात का बघा.

७. इंटरनेटवरच्या एका टेबलनं काढलं तर ८ नगांचे ३८० तास येतात, तुमचे ३१५. कोण बरोबर?

दोन्ही बरोबर, पद्धती दोन आहेत. राइटची पद्धत सरासरीवर चालते, म्हणजे संख्या दुप्पट झाली की सरासरी तास ८५ टक्क्यांवर. दुसरी क्रॉफर्डची, तिच्यात त्या-त्या नगाचे तास बघतात, म्हणजे दुसऱ्या नगाला पहिल्याच्या ८५ टक्के, चौथ्याला दुसऱ्याच्या ८५ टक्के.

त्याच ६४ तासांवर राइटच्या हिशेबानं दुसरा नग ४४.८ तासांत व्हायला पाहिजे, क्रॉफर्डच्या हिशेबानं ५४.४ तासांत. आठ नगांत फरक ६५ तासांचा पडतो. म्हणजे नुसतं "आमचा कर्व्ह ८५ चा" याला अर्थ नाही, कुठल्या पद्धतीचा ८५ ते सांगावं लागतं. ज्या पद्धतीनं टक्का काढला त्याच पद्धतीनं पुढचा अंदाज काढायचा, टक्का इकडचा आणि टेबल तिकडचं असं केलं की संपलं. छोट्या वर्कशॉपला लॉटचेच तास मिळतात, म्हणून मी राइटची पद्धत घेतो, प्रत्येक नगाचे पक्के तास ज्यांच्याकडं आहेत त्यांनी क्रॉफर्ड वापरायला काहीच हरकत नाही.

८. अजून एकही नग बनवला नाही आणि पार्टी रेट मागायलीय. कोणता टक्का धरू?

काम हाताचं किती आणि मशीनचं किती यावर एक जुना ठोकताळा आहे: तीन चतुर्थांश हाताचं असेल तर ८० टक्के, निम्मं-निम्मं असेल तर ८५, तीन चतुर्थांश मशीनचं असेल तर ९०. कारण सीएनसीवरचा सायकल टाइम शिकत नाही, पहिल्या पीसला ११ मिनिटं तर हजाराव्याला पण ११, प्रोग्रॅम बदलेपर्यंत. शिकतो तो सेटिंग करणारा, फिटर आणि टॅक मारणारा.

पेरणी यंत्रात प्लेट लेझरवर बाहेरून कापून आणल्या तर ते जॉबवर्क मटेरियलच्या रेटमध्ये गेलं, उरलेलं बहुतेक हाताचं. तरीपण मी ८० धरणार नाही, कारण ज्या वर्कशॉपनं आधी ट्रॉली, रोटाव्हेटरची फ्रेम, कल्टिव्हेटर केलेत त्यांचं निम्मं शिकणं आधीच झालेलं असतं. त्यांचा पहिला नगच कमी तासांत होतो आणि पुढची घट सपाट असते. अशा ठिकाणी ८८-९० धरा आणि चार नग झाल्यावर खऱ्या तासांवरून प्रश्न ५ प्रमाणं बदला. पार्टीशी बोलतानाही पहिल्या चार नगांचा रेट वेगळा आणि पुढचा वेगळा असं बोलून घेता आलं तर उत्तम.

९. हे तास किती दिवस कमी होत राहणार? शून्यावर तर जाणार नाहीत ना?

फॉर्म्युला शून्यापर्यंत जात नाही, पण खऱ्याच्या खाली मात्र नक्की जातो, म्हणून तळ स्वतः शोधून ठेवा. वेल्डिंगचा तळ असा निघतो: यंत्रावर २६ मीटर वेल्ड, मिगचा वेग मिनिटाला २५ सेंटिमीटर, म्हणजे नुसती आर्क पेटलेली १०४ मिनिटं. याच्या खाली जगातला कुठलाही वेल्डर जाणार नाही. असाच ड्रिलिंगचा, रंगाच्या दोन हातांचा, पेट्या-चेन-फण बसवून बोल्ट आवळण्याचा तळ काढा, त्यात उचल-ठेव आणि टॅकिंग धरा. समजा सगळं मिळून १७ तास आले. आपल्या कर्व्हवर बत्तिसावा नग साधारण २१.८ तासांचा आहे, म्हणजे अजून थोडी जागा आहे, पण दोनशे नगांचं कोटेशन त्याच कर्व्हनं काढलं तर तो १७ च्या खाली घेऊन जाईल आणि तिथं तुम्ही अडकाल.

सपाटी आली की दिसते: शेवटच्या दोन-तीन लॉटचे नगामागचे तास एक-दीड तासाच्या फरकात वरखाली होत राहतात. तिथून पुढं कर्व्ह बंद करा, तोच आकडा स्टँडर्ड टाइम म्हणून लावा. पुढं कमी करायचं तर पोझिशनर, नवीन फिक्स्चर, असा खर्च करावा लागेल.

१०. पेरणी झाली की काम बंद, ते डायरेक्ट पुढच्या फेब्रुवारीत. कर्व्ह तिथूनच पुढं चालतो का?

आपल्याकडं हा खरा अवघड प्रश्न, कारण पेरणी यंत्राचं काम फेब्रुवारी ते जून, मग बंद. मधल्या काळात गावाकडचे हेल्पर शेतात, बाहेरचा वेल्डर छठपूजेला गावी गेला तो दुसऱ्याच गावी कामाला लागला. हात विसरतो, आणि हे फक्त छोट्यांचं होतं असं नाही, लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानाचं उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यात घटलं तेव्हा एका विमानामागचे तास उतरायच्या ऐवजी वर गेले होते.

काय विसरलं जातं ते तपासा: तीच माणसं आहेत का, तोच सुपरव्हायझर आहे का, जिग शाबूत आहेत का (की पावसाळ्यात कुणीतरी कापून दुसऱ्या कामाला वापरलेत), कामाचा क्रम कुठं लिहिलाय का, आणि खंड किती महिन्यांचा. मग सुरू झाल्यावर पहिला नग नीट मोजा. समजा ३२ नग करून थांबलात, परत सुरू केल्यावर पहिल्याला ३३ तास लागले. कर्व्हवर ३३ तास कुठं होते? सहाव्या नगाच्या आसपास. म्हणजे हिशेबात तुम्ही तेहतिसाव्यावर नाही, सहाव्यावर आहात.

२० यंत्रांची ऑर्डर असेल तर ६ ते २५ नगांचे तास काढायचे: २५ चे एकूण ७५२, वजा ५ चे एकूण २१९, म्हणजे ५३३ तास, नगाला २६.६. खंड पडलाच नाही असं समजून ३३ ते ५२ चे काढले असते तर ४०९ आले असते. १२४ तासांचा फरक, २७ हजार रुपये.

ज्यांच्याकडं जिगला रंग मारून, नंबर टाकून, भिंतीला टांगून ठेवलेत आणि कामाचा क्रम फोटोसकट चिकटवलाय त्यांचं मागं जाणं फार कमी असतं. हा उपाय जवळजवळ फुकट आहे आणि तरी कमी ठिकाणी दिसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

११. मॉडेल बदललं, फवारणीचा पंप जोडायचाय. कर्व्ह परत पहिल्यापासून?

पूर्ण यंत्राचा नाही, फक्त नव्या भागाचा. बत्तिसाव्या नगाच्या २१.८ तासांतले समजा ४ तासांचं काम बदलून निघून गेलं, राहिले १७.८, ते जुन्या कर्व्हवर. पंपाच्या माउंटिंगला पहिल्यांदा १० तास लागतील असा अंदाज, तो नवा, एक नंबरपासून. १० यंत्रांना नव्या भागाचे ८५ टक्क्यांनी ५८ तास होतात. जुना भाग १७.८ नं १७८ तास. एकूण २३६.

लोक काय करतात, १७.८ आणि १० मिळवून २७.८ हा नवीन पहिला नग धरतात आणि पूर्ण यंत्र पहिल्यापासून शिकवायला घेतात. त्यानं १० नगांचे १६२ तासच येतात. सुरुवातीची जोरदार घट जुन्या भागाची संपलेली असते, ती दुसऱ्यांदा मिळत नाही.

१२. ऑर्डर मोठी आहे म्हणून दुसरी टीम लावली तर?

शिकते ती टीम, शेड नाही. सगळ्यात वाईट धरलं तर दुसरी टीम एक नंबरपासून सुरू होते. २४ नग दोघांत १२-१२ वाटले तर जुन्या टीमला ९ ते २० चे ३१९ तास, नव्या टीमला १ ते १२ चे ४२९, एकूण ७४८, एका टीमचे होते ५९४. प्रत्यक्षात जिग तयार असतात आणि जुना फिटर सांगायला असतो त्यामुळं एवढं होत नाही, पण १५० तासांपर्यंत जाऊ शकतं हे डिलिव्हरीच्या घाईत होय म्हणण्याआधी माहीत पाहिजे. जुन्या टीममधला एक माणूस नव्यात टाकला तर दोन्हीकडं थोडं बिघडतं तरी एकूण बरं पडतं.

१३. आमची वेल्डिंग-फिटिंग ठेकेदाराला नगावर दिलेली आहे. मग हे आम्हाला लागू होतं का?

तास उतरतात, पण पैसे तुमचे उतरत नाहीत, ठेकेदाराचे उतरतात. समजा पहिल्या आठ नगांनंतर तुम्ही नगाला ७,००० ठरवले, ३९.४ तासांना १८० नं जवळजवळ तेवढेच बसतात. पुढच्या २४ नगांना त्याला २४.७५ तास लागतात, म्हणजे त्याला तासाला २८० च्या वर पडायला लागले, तुमची मजुरी मात्र ७,००० च, ४,४५५ नाही. २४ नगांवर ६१ हजारांचा फरक. कोटेशनमध्ये ४,४५५ धरून बसलात आणि ठेकेदार ७,००० च मागतोय असं झालं तर तो खिशातूनच जाणार.

म्हणून ठेका असेल तर कोटेशनमध्ये ठेक्याचाच रेट धरा, कर्व्हचा नाही. आणि ठेका ठरवतानाच टप्पे बोला, पहिले आठ या रेटनं, पुढचे चोवीस त्या रेटनं. सगळी घट स्वतः ओढू नका, समजा ५,५०० वर तोडलं तर त्यालाही तासाला २२० च्या वर पडतात, तो टिकतो, माणसं टिकतात आणि प्रश्न १० मधलं मागं जाणं कमी होतं. मधेच, लॉट अर्धा झाल्यावर रेट पाडायला गेलात तर पुढच्या वेळी तो मुद्दाम सावकाश करील, आणि मग तुमच्याकडं येणारे तासच खोटे असतील. ठेकेदार तास सांगत नाहीच, पण गेटवर त्याची किती माणसं आली आणि त्या आठवड्यात किती यंत्रं रंगाला गेली एवढं लिहिलं तरी लॉटचे तास निघतात.